लोड फ्लो हातानं सोडवताना: तीन बसचं एक उदाहरण आणि चुका नेमक्या कुठे होतात

लोड फ्लो म्हणजे पॉवर नेटवर्कच्या प्रत्येक बसवरचं, म्हणजे जोडबिंदूवरचं, व्होल्टेज आणि प्रत्येक लाइनमधून वाहणारी पॉवर काढणं. त्याचं उत्तर चुकलं की बहुतेक जण आधी इटरेशनची, म्हणजे पुन्हा पुन्हा करायच्या फेऱ्यांची, आकडेमोड तपासायला घेतात. चूक बहुधा त्याच्या बरीच आधी झालेली असते. बसचा प्रकार ठरवताना, लोडचं चिन्ह लिहिताना किंवा पर युनिटमध्ये रूपांतर करताना ती होते. इटरेशन सुरू झाल्यावरच्या चुका मोजक्या असतात आणि त्यातल्या बऱ्याचशा पीव्ही बसभोवती सापडतात. इथे एकच छोटं नेटवर्क घेऊन ते गॉस-सायडेल पद्धतीनं शेवटपर्यंत सोडवलं आहे. कागद आणि कॅल्क्युलेटर घेऊन प्रत्येक आकडा सोबत काढत गेलात तरच या लेखाचा उपयोग होईल.

## कोडं नेमकं कुठे आहे

सर्किटमध्ये प्रत्येक नोडवरचा करंट माहीत असेल तर व्होल्टेज काढण्यासाठी एकरेषीय समीकरणं पुरतात. मॅट्रिक्स उलटवली की काम संपतं, इटरेशन लागत नाही. पॉवर सिस्टिममध्ये मात्र करंट कोणी सांगत नाही. सबस्टेशनवर ९० मेगावॅट लोड आहे एवढंच आपल्याला कळतं. त्या ९० मेगावॅटसाठी किती करंट लागेल ते तिथल्या व्होल्टेजवर ठरतं, आणि व्होल्टेज तर आपल्याला काढायचंच आहे. व्होल्टेजशिवाय करंट मिळत नाही आणि करंटशिवाय व्होल्टेज मिळत नाही, असा हा पेच आहे.

तो सोडवायची युक्ती साधी आहे. व्होल्टेजचा एक अंदाज धरायचा, त्यावरून करंट काढायचा, त्या करंटवरून नवं व्होल्टेज काढायचं आणि तेच पुढच्या फेरीसाठी अंदाज म्हणून वापरायचं. नेटवर्क धडधाकट असेल तर दर फेरीत चूक आकसत जाते. पुढचं सगळं या एका कल्पनेचाच तपशील आहे.

## टप्पा १: बसचे प्रकार ठरवा

प्रत्येक बसवर चार राशी असतात: रिअल पॉवर P, रिॲक्टिव्ह पॉवर Q, व्होल्टेजचं मूल्य |V| आणि व्होल्टेजचा कोन δ. समीकरणं दोनच मिळतात, म्हणून प्रत्येक बसवर दोन राशी आपण द्यायच्या आणि उरलेल्या दोन गणितानं काढायच्या. कोणत्या दोन द्यायच्या यावरून बसचा प्रकार ठरतो.

पीक्यू बस. P आणि Q दिलेले असतात, |V| आणि δ काढायचे असतात. लोडच्या बहुतेक बस याच प्रकारात येतात. जिथे लोडही नाही आणि जनरेटरही नाही अशी मधली बससुद्धा पीक्यूच असते, कारण तिथे P आणि Q दोन्ही शून्य असल्याचं आपल्याला माहीत असतं. ‘काहीच दिलेलं नाही’ असं समजून नवशिके ही बस यादीतून वगळतात. शून्य हाही दिलेला आकडाच आहे.

पीव्ही बस. इथे जनरेटर असतो. टर्बाइनचा गव्हर्नर P ठरवतो, एक्साइटेशनचा रेग्युलेटर |V| धरून ठेवतो. Q आणि δ काढायचे असतात. Q काढायचा असला तरी तो वाटेल तेवढा असू शकत नाही. जनरेटरला त्याची वरची आणि खालची मर्यादा असते. टप्पा ६ त्यासाठीच आहे.

स्लॅक बस. इथे |V| आणि δ दिलेले असतात, P आणि Q शेवटी निघतात. ही बस दोन कामांसाठी लागते. पहिलं काम कोनाचं. कोन नेहमी कशाच्या तरी सापेक्ष मोजावे लागतात, म्हणून एका बसचा कोन शून्य धरावा लागतो. दुसरं काम हिशेबाचं. लाइनमधला लॉस व्होल्टेज कळल्याशिवाय काढता येत नाही, त्यामुळे सगळ्या जनरेटरचे P आधीच पक्के करता येत नाहीत. एक तरी जनरेटर उरलंसुरलं भरून काढायला मोकळा सोडावा लागतो.

> तपासणी: स्लॅक बस नेमकी एकच आहे ना? तिच्यावर खरोखर जनरेटर किंवा मोठ्या ग्रिडची जोडणी आहे ना? छोट्या जनरेटरची बस स्लॅक धरली तर गणित सुटतं, पण त्या जनरेटरच्या वाट्याला त्याच्या क्षमतेबाहेरचा P येतो.

## टप्पा २: आकडे पर युनिटमध्ये आणा

आपलं नेटवर्क १३२ केव्हीचं आहे. बस १ ते २ लाइनचा रिॲक्टन्स १७.४२ ओहम, बस १ ते ३ चा ३४.८५ ओहम आणि बस २ ते ३ चाही ३४.८५ ओहम. हाताच्या हिशेबाला सोपं जावं म्हणून लाइनचा रेझिस्टन्स आणि चार्जिंग सोडून दिलं आहे. याचा एक फायदा शेवटी तपासणीच्या वेळी दिसेल.

पर युनिट म्हणजे प्रत्येक राशी ठरवलेल्या बेसनं भागून लिहायची. बेस १०० एमव्हीए आणि १३२ केव्ही धरू. बेस इम्पिडन्स = १३२ × १३२ ÷ १०० = १७४.२४ ओहम. म्हणून रिॲक्टन्स अनुक्रमे ०.१, ०.२ आणि ०.२ पर युनिट.

> सावधान: एमव्हीए तीन फेजचा घेतलात तर केव्हीही लाइन-टू-लाइनच घ्या. फेज व्होल्टेज ७६.२ केव्ही वापरलंत तर बेस इम्पिडन्स ५८.०८ ओहम येतो आणि ०.१ च्या जागी ०.३ पर युनिट मिळतं. अशा नेटवर्कचं गणित सुटतंही, पण व्होल्टेज विनाकारण खूप खाली दिसतं आणि चूक डेटाची आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

आता बसची माहिती. बस १ स्लॅक आहे, व्होल्टेज १.०२, कोन ०. बस २ पीव्ही आहे, जनरेशन ५० मेगावॅट, व्होल्टेज १.०३ वर धरलेलं. बस ३ पीक्यू आहे, लोड ९० मेगावॅट आणि ४० एमव्हीएआर.

समीकरणात जो P आणि Q जातो तो बसमधून नेटवर्कमध्ये शिरणारा असतो, म्हणजे जनरेशन वजा लोड. म्हणून P2 = +०.५, P3 = −०.९ आणि Q3 = −०.४. लोडला वजा चिन्ह द्यायचं राहून जाणं ही सर्वांत वारंवार होणारी चूक. ती ओळखायची खूणही सोपी आहे. या उदाहरणात चिन्ह विसरलात तर पहिल्याच फेरीत बस ३ चं व्होल्टेज १.०६ च्या वर जातं आणि कोन अधिक येतो. ९० मेगावॅट ओढणाऱ्या बसचं व्होल्टेज दोन्ही पुरवठादारांपेक्षा जास्त दिसलं, तर पुढे न जाता चिन्हं पाहा.

## टप्पा ३: वाय-बस मॅट्रिक्स बांधा

रिॲक्टन्स ०.१ असलेल्या लाइनचा अ‍ॅडमिटन्स −j१० आणि ०.२ वाल्यांचा −j५. कर्णावरच्या घटकात त्या बसला जोडलेल्या सगळ्या लाइनच्या अ‍ॅडमिटन्सची बेरीज लिहायची. कर्णाबाहेरच्या घटकात दोन बसमधल्या लाइनचा अ‍ॅडमिटन्स चिन्ह बदलून लिहायचा.

```
        बस 1     बस 2     बस 3
बस 1   -j15     +j10     +j5
बस 2   +j10     -j15     +j5
बस 3   +j5      +j5      -j10
```

> तपासणी: शंट नसलेल्या नेटवर्कमध्ये प्रत्येक ओळीची बेरीज शून्य यायला हवी. −१५ + १० + ५ = ०. ती येत नसेल तर कर्णाबाहेरचं चिन्ह चुकलं आहे किंवा एखादी लाइन राहिली आहे. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे, ती टाळू नका.

लाइनचं चार्जिंग धरलं असतं तर एकूण चार्जिंगचा निम्मा भाग दोन्ही टोकांच्या कर्णघटकांत मिळवावा लागला असता. मग ओळीची बेरीज शून्य न येता नेमकी तेवढी शिल्लक राहते, म्हणजे तपासणी तरीही करता येते.

## टप्पा ४: समीकरण लिहा आणि सुरुवातीचे आकडे भरा

बसमध्ये शिरणारा करंट दोन प्रकारे लिहिता येतो: एकदा पॉवरवरून, एकदा नेटवर्कवरून. दोन्ही समान मांडून त्या बसचं व्होल्टेज एका बाजूला काढलं की गॉस-सायडेलचं सूत्र मिळतं.

```
Vi = (1/Yii) * [ (Pi - jQi)/Vi*  -  Σ Yik*Vk ]     (k ≠ i)
```

कंसातल्या पहिल्या पदात `P - jQ` आहे आणि छेदात `Vi` चं कॉन्ज्युगेट आहे. चिन्ह इथेच निसटतं. S = VI* वरून I = S*/V* मिळतं, म्हणून दोन्हीवर कॉन्ज्युगेट येतं. S वरचं विसरलं तर Q चं चिन्ह उलटतं आणि लोड कपॅसिटरसारखा वागू लागतो.

आपल्या नेटवर्कात फक्त रिॲक्टन्स असल्यामुळे j छाटले जातात आणि हाताच्या हिशेबासाठी सूत्रं आटोपशीर होतात.

```
V2 = [ (Q2 + jP2)/V2* + 10*V1 + 5*V3 ] / 15
V3 = [ (Q3 + jP3)/V3* +  5*V1 + 5*V2 ] / 10
```

बस १ साठी सूत्र नाही. तिचं व्होल्टेज दिलेलं आहे आणि कुठल्याही फेरीत ते बदलत नाही. प्रोग्रॅममध्ये लूप एकपासून सुरू करून स्लॅकचं व्होल्टेजही बदलून टाकणारे बरेच असतात. मग सगळे कोन एकत्र सरकत जातात आणि उत्तर कुठे थांबत नाही.

सुरुवातीसाठी ‘फ्लॅट स्टार्ट’ घ्यायचा: सगळे कोन शून्य, पीक्यू बसचं मूल्य १.०, पीव्ही बसचं मूल्य तिचं दिलेलं मूल्य. म्हणजे V1 = १.०२, V2 = १.०३, V3 = १.०. पीव्ही बसलाही १.० भरणं ही सवय मोडा. तसं केलं तर पहिल्या फेरीतला Q त्या बसवर नसलेल्या व्होल्टेजवरून निघतो.

## टप्पा ५: पहिली फेरी, आकड्यांसह

### ५अ. पीव्ही बसचा Q आधी काढा

बस २ चा Q माहीत नाही, पण सूत्रात तो लागतो. म्हणून हातातल्या ताज्या व्होल्टेजवरून आधी तो काढायचा.

```
Q2 = 15*|V2|² - Re[ V2* (10*V1 + 5*V3) ]
   = 15*1.0609 - 1.03*(10.2 + 5.0)
   = 15.9135 - 15.656 = 0.2575
```

हा Q फक्त या फेरीपुरता. पुढच्या फेरीत व्होल्टेज बदलतील तेव्हा तो पुन्हा काढायचा. एकदाच काढून तोच शेवटपर्यंत वापरला तर बस २ पीव्ही राहत नाही, अंदाजे Q दिलेली पीक्यू बस होते.

### ५ब. बस २ चं व्होल्टेज

(०.२५७५ + j०.५) ÷ १.०३ = ०.२५ + j०.४८५४. त्यात १०.२ आणि ५.० मिळवून १५ नं भागलं की V2 = १.०३०० + j०.०३२४. याचं मूल्य १.०३०५ येतं आणि कोन १.८० अंश.

### ५क. मूल्य परत जागेवर आणा

बस २ चं मूल्य १.०३ वर धरलेलं आहे, १.०३०५ वर नाही. म्हणून कोन ठेवायचा, मूल्य टाकून द्यायचं. V2 = १.०३, कोन १.८० अंश, म्हणजेच १.०२९५ + j०.०३२३. फरक अर्ध्या हजारांशाचा दिसतो म्हणून ही पायरी सोडायचा मोह होतो. पण ती सोडली तर बस २ चं मूल्य कशालाच बांधलेलं राहत नाही. दर फेरीत Q त्या बदलत्या मूल्यावरून निघतो, त्यामुळे पुढच्या फेऱ्या त्या मूल्याला १.०३ कडे ओढत नाहीत. उत्तर स्थिरावेलही, पण जे मागितलं होतं ते नसेल.

### ५ड. बस ३ चं व्होल्टेज

इथे नुकतंच काढलेलं V2 वापरायचं, फेरीच्या सुरुवातीचं नाही. गॉस आणि गॉस-सायडेल यांच्यात एवढाच फरक आहे, आणि त्यानं फेऱ्या वाचतात.

```
V3 = [ (-0.4 - j0.9)/1.0 + 5.1 + (5.1475 + j0.1617) ] / 10
   = 0.9847 - j0.0738
```

मूल्य ०.९८७५, कोन −४.२९ अंश. बस ३ पीक्यू आहे, त्यामुळे इथे काही परत आणायचं नाही. जे आलं ते तसंच पुढे न्यायचं.

### पुढच्या फेऱ्या

हाच क्रम (Q2, V2, मूल्य जागेवर, V3) पुन्हा पुन्हा चालवला की असं चित्र दिसतं.

| फेरी | Q2 | δ2 (अंश) | \|V3\| | δ3 (अंश) |
|---|---|---|---|---|
| १ | ०.२५८ | १.८० | ०.९८७५ | −४.२९ |
| २ | ०.३५६ | ०.४७ | ०.९८१३ | −४.८९ |
| ३ | ०.३७६ | ०.२६ | ०.९८०३ | −५.०१ |
| ४ | ०.३८० | ०.२२ | ०.९८०१ | −५.०३ |
| अंतिम | ०.३८१ | ०.२१ | ०.९८०१ | −५.०३ |

δ2 चा रकाना नीट पाहा. पहिल्या फेरीत तो १.८० वर उडाला आणि मग ०.२१ कडे घसरला. कारण पहिल्या फेरीत बस २ ला बस ३ चा कोन अजून शून्यच दिसत होता. बस ३ वर ९० मेगावॅट ओढलं जातं ही बातमी तिला दुसऱ्या फेरीत मिळाली. गॉस-सायडेलमध्ये बातमी अशी एका बसवरून शेजारच्या बसवर सरकते. नेटवर्क मोठं झालं की फेऱ्या वाढतात त्याचं मूळ इथे आहे.

दुसऱ्या फेरीनंतर चूक दर वेळी साधारण एक पंचमांश उरते आहे. हे प्रमाण तुमच्या कागदावर दिसत नसेल, एखाद्या फेरीत चूक वाढत असेल किंवा वरखाली होत असेल, तर पुढच्या फेऱ्या काढण्यात अर्थ नाही. मागे जाऊन ५अ आणि ५क तपासा.

आकडे पडताळायला हा छोटा प्रोग्रॅम पुरेसा आहे.

```python
import cmath, math
V1, V2, V3 = 1.02+0j, 1.03+0j, 1.0+0j
P2, S3 = 0.5, -0.9-0.4j
for k in range(1, 8):
    I2 = 10j*V1 - 15j*V2 + 5j*V3
    Q2 = -(V2.conjugate()*I2).imag
    V2 = ((P2 - 1j*Q2)/V2.conjugate() - 10j*V1 - 5j*V3)/(-15j)
    V2 = 1.03*V2/abs(V2)
    V3 = (S3.conjugate()/V3.conjugate() - 5j*V1 - 5j*V2)/(-10j)
    print(k, round(Q2, 3), round(math.degrees(cmath.phase(V2)), 2),
          round(abs(V3), 4), round(math.degrees(cmath.phase(V3)), 2))
```

## टप्पा ६: Q ची मर्यादा

समजा बस २ चा जनरेटर जास्तीत जास्त ३० एमव्हीएआर देऊ शकतो. तक्ता पाहा: पहिल्या फेरीत Q2 = ०.२५८, म्हणजे मर्यादेत. दुसऱ्या फेरीत ०.३५६, म्हणजे मर्यादेबाहेर. अंतिम गरज ३८ एमव्हीएआरची आहे आणि जनरेटर ती भागवू शकत नाही. मग १.०३ व्होल्टेज टिकवणं त्याच्या हातात राहत नाही.

अशा वेळी त्या बसचा प्रकारच बदलायचा. Q2 = ०.३० पक्का करायचा आणि बस २ पीक्यू म्हणून चालवायची. ५अ गळते, ५क सुद्धा गळते. अनेकांच्या प्रोग्रॅममध्ये Q मर्यादेवर अडवला जातो पण ५क तशीच चालू राहते, म्हणजे मूल्य दर फेरीत १.०३ वर आणलं जातं. एकाच बसवर P, Q आणि |V| तिन्ही दिल्यासारखं झालं. त्याचं उत्तर कुठल्याच समीकरणात बसत नाही आणि शेवटची तफावत कधीच शून्याकडे जात नाही.

बदल नीट केला तर या उदाहरणात बस २ चं व्होल्टेज १.०३ वरून सुमारे १.०२४ वर येतं आणि बस ३ चं ०.९८० वरून सुमारे ०.९७७ वर. बस २ नं न दिलेला रिॲक्टिव्ह स्लॅकवर जातो: तिचा Q सुमारे १२ एमव्हीएआर होता, तो सुमारे २० होतो.

> सावधान: प्रकार बदलला की विषय संपला असं नाही. वरच्या मर्यादेवर अडकलेल्या बसचं व्होल्टेज पुढच्या फेऱ्यांत दिलेल्या मूल्याच्या वर जाऊ लागलं तर तिला पुन्हा पीव्ही करा, कारण आता कमी Q मध्येही ते मूल्य टिकतं. खालच्या मर्यादेसाठी नियम उलटा.

आणखी एक गोष्ट. पहिल्या एक-दोन फेऱ्यांतला Q कच्चा असतो, त्यावरून बसचा प्रकार बदलण्याची घाई करू नये. उत्तर थोडं स्थिरावू द्यावं, मग मर्यादा लावाव्यात. नाहीतर बस दर फेरीला पीव्ही, पीक्यू, पुन्हा पीव्ही अशी उड्या मारते.

## टप्पा ७: कधी थांबायचं

‘व्होल्टेज बदलायचं थांबलं म्हणजे झालं’ ही कसोटी फसवी आहे. चौथ्या फेरीअखेर |V3| चार दशांशांपर्यंत अंतिम उत्तराशी जुळलेलं आहे. पण त्याच व्होल्टेजवरून बस २ चा P परत काढला तर ०.५०२१ येतो. म्हणजे २१० किलोवॅटची तफावत अजून शिल्लक आहे. लाइनचा अ‍ॅडमिटन्स मोठा असतो, त्यामुळे कोनातला नगण्य फरकही पॉवरमध्ये ठळकपणे दिसतो.

म्हणून थांबण्यासाठी पॉवरची तफावत, म्हणजे मिसमॅच, वापरा. दिलेला P वजा व्होल्टेजवरून काढलेला P, हे स्लॅक सोडून प्रत्येक बसवर करा. दिलेला Q वजा काढलेला Q, हे फक्त पीक्यू बसवर करा, कारण पीव्ही बसवर तुलना करायला दिलेला Q नसतोच. हातानं करताना ०.००१ पर युनिटची मर्यादा पुरते. १०० एमव्हीए बेसवर ती १०० किलोवॅट होते. आपल्या उदाहरणात ती पाचव्या फेरीत गाठली जाते.

तफावत सगळ्या बसवर पाहा. चौथ्या फेरीअखेर बस ३ वरची सर्वांत मोठी तफावत ०.०००४ आहे, बस २ वर मात्र ०.००२१. जी बस शेवटी सोडवली ती नेहमीच स्वच्छ दिसते, कारण तिचं समीकरण आत्ताच जुळवलेलं असतं आणि त्यानंतर कोणी काही हलवलेलं नसतं. तिच्याकडे पाहून थांबलात तर हमखास फसाल.

## टप्पा ८: स्लॅक आणि लाइन फ्लो, आणि खरी तपासणी

व्होल्टेज पक्के झाल्यावरच स्लॅकचा P आणि Q काढायचा. आपल्याकडे P1 = ०.४००, Q1 = ०.१२१ येतो.

रेझिस्टन्स सोडून दिल्याचा फायदा इथे मिळतो. नेटवर्कात रिअल पॉवरचा लॉस नाही, म्हणून स्लॅकला नेमके ९० − ५० = ४० मेगावॅट द्यावे लागायला हवेत, आणि तेवढेच येतात. थांबताना उरलेल्या मिसमॅचपलीकडे फरक पडण्याची सबब इथे नाही. म्हणून नवीन प्रोग्रॅम लिहिला की आधी असंच बिनलॉसचं नेटवर्क देऊन पाहावं.

लाइनवरचा फ्लो असा: बस १ कडून ३ कडे ४३.९ मेगावॅट, २ कडून ३ कडे ४६.१ आणि २ कडून १ कडे ३.९. बस ३ वर ४३.९ + ४६.१ = ९०. बस २ वर ४६.१ + ३.९ = ५०. बस १ वर ४३.९ − ३.९ = ४०. बसनिहाय हिशेब जुळला.

रिॲक्टिव्हचा हिशेब वेगळा आहे. बस १ नं १२.१ आणि बस २ नं ३८.१ दिले, एकूण ५०.२ एमव्हीएआर. लोडनं ४० घेतले. उरलेले सुमारे १०.२ लाइनच्या रिॲक्टन्सनं गिळले. त्यातले जवळपास सगळे १-३ आणि २-३ या लाइनवर गेले, कारण करंट तिथेच जास्त आहे. हा आकडा ऋण आला असता तर चार्जिंग नसलेल्या लाइन रिॲक्टिव्ह तयार करताहेत असा अर्थ झाला असता, म्हणजे कुठेतरी चिन्ह उलटलं असतं.

## उत्तर स्थिरावत नसेल तर

या क्रमानं पाहा. आधी डेटा: ओळींची बेरीज, लोडची चिन्हं, एखाद्या लाइनचा रिॲक्टन्स दशांशचिन्ह चुकल्यामुळे दहापट झाला आहे का, एखादी बस कशालाच जोडलेली नाही असं तर नाही ना. मग कोन: डिग्री आणि रेडियन यांची सरमिसळ झाली आहे का. मग पीव्ही बसची पायरी. हे सगळं नीट असेल तेव्हाच पद्धतीवर शंका घ्या.

गॉस-सायडेल मोठ्या नेटवर्कवर, आणि त्यात अगदी लहान आणि मोठे इम्पिडन्स शेजारी असतील तर विशेषच, रेंगाळतं. १.४ ते १.६ च्या आसपासचा अ‍ॅक्सिलरेशन फॅक्टर लावून, म्हणजे निघालेला बदल तेवढ्या पटीनं वाढवून, फेऱ्या कमी करता येतात. या तीन बसच्या उदाहरणात त्याची गरज नाही, उलट तो लावला तर उत्तर पुढे-मागे हेलकावे खातं.

प्रत्यक्ष कामात न्यूटन-रॅफसन वापरतात. त्यात एका वेळी एक बस न सोडवता सगळ्या तफावती एकत्र घेतात आणि कोन किंवा मूल्य थोडं हलवलं तर प्रत्येक P आणि Q किती हलेल याच्या जेकोबियन मॅट्रिक्सवरून सगळे बदल एकदम काढतात. बसचे प्रकार इथेही तेच राहतात, फक्त जेकोबियनचा आकार त्यांच्यावरून ठरतो: पीक्यू बसमागे दोन ओळी, पीव्ही बसमागे एक, स्लॅकमागे शून्य. आपल्या नेटवर्कात ३ × ३. आकार ४ × ४ आला असेल तर पीव्ही बसच्या Q ची ओळ काढायची राहिली आहे. उत्तराच्या जवळ पोचल्यावर न्यूटन फार झपाट्यानं जुळतं, सुरुवात लांबून केली तर मात्र भरकटतं. म्हणून काही जण आधी दोन-तीन फेऱ्या गॉस-सायडेलच्या करून तिथून न्यूटन सुरू करतात.

एवढं करूनही उत्तर मिळत नसेल तर लोड टप्प्याटप्प्यानं कमी करून पाहा. ६० टक्क्यांवर सहज जुळतं, ८० वर फेऱ्या वाढतात, ९५ वर व्होल्टेज कोसळायला लागतं असं दिसलं, तर तुमचं गणित बरोबर आहे. तेवढी पॉवर त्या लाइनमधून जाऊच शकत नाही, आणि लोड फ्लो तेच सांगतो आहे.